वडिलांना दिलेलं घरभाडं: सूट किती आणि कागद कोणते

जानेवारीत कंपनीकडून 'गुंतवणुकीचे पुरावे जोडा' असा मेल येतो आणि त्याच आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानांत भाडेपावत्यांची पुस्तकं खपू लागतात. मग रविवारी जेवणं झाल्यावर एप्रिलपासूनच्या सगळ्या पावत्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्या जातात. वडील ओळीने सह्या करतात आणि पावत्यांवर तिकिटं चिकटवली जातात. आईवडिलांना भाडं देऊन घरभाडे भत्त्यावर, म्हणजे एचआरएवर, सूट घ्यायला आयकर कायद्याची कसलीच आडकाठी नाही. आडकाठी येते ती अशा फायलींना, कारण त्यात पावत्यांखेरीज काहीच नसतं.

पुढे एका घराचा २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा हिशेब सुरुवातीपासून मांडला आहे. १९६१ च्या आयकर कायद्याखालचं हे शेवटचं वर्ष. १ एप्रिल २०२६ पासूनच्या पगाराला २०२५ चा नवा कायदा लागू होतो, तेव्हा कलमांचे आणि नियमांचे संदर्भ नव्याने पाहावे लागतात. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण असं घर कोथरूडमध्ये कुठल्याही सोसायटीत सापडेल.

तीन बेडरूमचा फ्लॅट, मालक वडील, वय अडुसष्ट, निवृत्तिवेतन महिना ४०,०००. मुलगा खासगी कंपनीत नोकरीला, वर्षाचा पगार १४ लाख. त्यात बेसिक महिना ६०,०००, घरभाडे भत्ता २४,००० आणि उरलेली रक्कम विशेष भत्त्याची; महागाई भत्ता नाही. मुलगा, सून आणि नातू दोन बेडरूम वापरतात, एक आईवडिलांकडे; हॉल आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं. मुलगा वडिलांना महिना २२,००० भाडं देतो.

भाड्याच्या रकमेकडे वळण्याआधी इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, काढून बघायची. ज्या घरात राहतो त्याचा मालक पगारदार स्वतः असेल तर सूट नाही, हे कलम १०(१३अ) च्या स्पष्टीकरणातच आहे. 'घर वडिलांचं' असं सगळे म्हणतात आणि कागदावर मात्र वडील आणि मुलगा अशी दोन नावं निघतात, कारण कर्ज घेताना मुलाचं उत्पन्न दाखवायचं होतं. अशा घरात मुलगा सहमालक ठरतो आणि मालकाने आपल्याच घराचं भाडं भरल्याचा दावा पुढे टिकत नाही. खरेदीखतात मुलाचा हिस्सा वेगळा नमूद असेल आणि वडिलांच्या हिश्शापुरतंच भाडं दिलं असेल तरीही हा वादाचा मामला आहे. सामान्य पगारदाराने त्या वाटेला जाऊ नये.

याहून फसवी जागा म्हणजे वडील वारल्यानंतर आईला दिलेलं भाडं. सोसायटीच्या दप्तरात आई नॉमिनी असते, मेंटेनन्सचं बिल तिच्या नावाने येतं, म्हणून घर तिचं झालं असं सगळे धरून चालतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली असे पहिल्या वर्गाचे सगळे वारस हिस्सेदार होतात. वडिलांची आई हयात असेल तर तीही. म्हणजे मुलगा ज्या घराचं भाडं आईला देतोय त्यात त्याचाच वाटा आहे, आणि त्याला बहुतेक वेळा याची कल्पनाही नसते. मृत्युपत्राने घर आईला मिळालं असेल किंवा मुलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल, तरच आई एकटी मालक. तो कागद हातात नसेल तर आधी तो करून घ्यायचा, भाड्याचं नंतर बघायचं. वडिलोपार्जित वाड्यांचीही तीच गत.

आपल्या उदाहरणात इंडेक्स टूवर फक्त वडिलांचं नाव आहे. सोसायटीचा भागदाखला त्यांचाच आणि मिळकतकराचं बिलही त्यांच्याच नावाचं. त्यामुळे पुढे जाता येतं.

आता सुटीची रक्कम. नियम २अ तीन आकडे काढायला सांगतो आणि त्यांतला सगळ्यात लहान आकडा करमुक्त धरतो. पहिला आकडा प्रत्यक्ष मिळालेल्या भत्त्याचा: २४,००० गुणिले १२, म्हणजे २,८८,०००. दुसरा, दिलेल्या भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा करून उरलेला. इथे 'पगार' म्हणजे बेसिक. महागाई भत्ता निवृत्तीच्या लाभांसाठी धरला जात असेल तर तोही, आणि विक्रीच्या ठरावीक टक्क्याने मिळणारं कमिशन. विशेष भत्ता, बोनस, ओव्हरटाइम यात येत नाही. बेसिक वर्षाला ७,२०,०००, त्याचे १० टक्के ७२,०००. भाडं २,६४,०००. वजा जाता १,९२,००० उरतात. तिसरा आकडा पगाराच्या ४० टक्क्यांचा, तो इथे २,८८,०००. सगळ्यात लहान १,९२,०००, तेवढी सूट. भत्त्यातले उरलेले ९६,००० करपात्र राहतात.

तिसऱ्या आकड्यात ५० टक्के फक्त मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि चेन्नईला. या वर्षासाठी पुणं ४० मध्येच येतं. आणि शहर बघायचं ते घराचं, ऑफिसचं नव्हे. नरिमन पॉइंटला नोकरी आणि आईवडिलांचं घर डोंबिवलीत असेल तर ४० टक्के. ठाणे, नवी मुंबईकर आपल्याला मुंबईकर समजतात, नियम समजत नाही. आपल्या उदाहरणात टक्का बदलून काही फरक पडला नसता, कारण अडवणारा आकडा दुसराच आहे. आईवडिलांच्या घरात बहुधा तोच अडवतो, कारण घराच्या एका भागाचं भाडं माफकच असायला हवं.

भाडं किती ठरवावं, याचा निकष सोपा आहे. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत तेवढाच फ्लॅट कितीला जातो ते बघायचं आणि मुलाच्या वापरातल्या भागाच्या प्रमाणात रक्कम धरायची. भत्ता २४,००० आहे म्हणून तो सगळा करमुक्त करायला भाडं ३०,००० लावायचं, हा उलटा हिशेब. पूर्ण फ्लॅट ३५,००० ला जात असेल आणि मुलगा दोन बेडरूमसाठी २२,००० देत असेल तर त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. एका खोलीचे ३०,००० म्हटले की स्पष्टीकरण द्यावं लागेल.

इथवर बहुतेक जण येतात, आणि १,९२,००० वर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस असं धरून ३९,९३६ रुपये वाचले म्हणून खूश होतात. हा आकडा २०२५-२६ साठी खरा नाही. कारण एचआरएची सूट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते आणि आता न सांगता लागू होते ती नवी पद्धत. तेव्हा तुलना 'सूट घेतली' आणि 'सूट घेतली नाही' यांची नसून, सुटीसकट जुनी पद्धत आणि सुटीशिवाय नवी पद्धत यांची करायची असते.

मुलाच्या बाबतीत ही तुलना मांडून बघू. जुन्या पद्धतीत १४ लाखांतून एचआरएचे १,९२,०००, प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसायकर २,५००, ८०क खाली १,५०,०००, स्वतःचा आणि ज्येष्ठ आईवडिलांचा आरोग्यविमा मिळून ७५,०००, एनपीएसचे जादा ५०,००० आणि शैक्षणिक कर्जाचं व्याज १,१०,००० अशा एकूण ६,२९,५०० च्या वजावटी होतात. करपात्र उत्पन्न उरतं ७,७०,५००. त्यावर कर ६६,६००, सेस धरून ६९,२६४. नव्या पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते आणि बाकी यांतलं काही नाही. करपात्र उत्पन्न १३,२५,०००, कर ७८,७५०, सेस धरून ८१,९००.

म्हणजे वडिलांना भाडं दिल्याने घराचे प्रत्यक्षात १२,६३६ रुपये वाचले. भाडं दिलं नसतं तर जुन्या पद्धतीत १,०९,२०० भरावे लागले असते, आणि एवढे भरण्याऐवजी मुलगा सरळ नव्या पद्धतीत ८१,९०० भरून मोकळा झाला असता. शैक्षणिक कर्जाचं व्याज नसतं तर? मग जुन्या पद्धतीतला कर सेससह ९२,१४४ झाला असता आणि भाडं देऊनही नवी पद्धतच स्वस्त पडली असती. १४ लाखांच्या पगाराला जुनी पद्धत परवडायला सगळ्या वजावटी मिळून ५,६८,७५० च्या वर जाव्या लागतात. २४ लाख ७५ हजारांच्या वर पगार असेल तर हाच उंबरठा साडेआठ लाखांवर जातो. हा हिशेब एप्रिलमध्येच करून ठेवावा. फक्त एचआरएच्या जोरावर जुनी पद्धत निवडायचे दिवस मागे पडले.

आणखी एक अट विसरली जाते. पगारदाराला जुनी पद्धत निवडायची असेल तर विवरणपत्र मुदतीच्या आत भरावं लागतं. मुदत उलटल्यावर उशिराचं विवरणपत्र भरता येतं, पण मग नवी पद्धतच लागते आणि भाड्याचे सगळे कागद असून सूट शून्य होते.

आता वडिलांचा हिशेब. मुलाने सूट घेतली की वडिलांना भाडं उत्पन्न म्हणून दाखवावंच लागतं. या बाजूकडे दुर्लक्ष झालं की घराचा एकूण फायदा तोट्यात जातो. भाडं २,६४,०००. मिळकतकर वर्षाला १२,०००. निम्मं घर मुलाकडे धरून ६,००० वजा, आणि तेही वडिलांनी त्याच वर्षात प्रत्यक्ष भरले असतील तर. उरले २,५८,०००. त्यातून दुरुस्ती-देखभालीसाठी सरसकट ३० टक्के, म्हणजे ७७,४००, कलम २४ खाली जातात. त्याला पावत्या लागत नाहीत. करपात्र भाडं १,८०,६००. निवृत्तिवेतन ४,८०,००० आणि ठेवींचं व्याज १,२०,०००.

नव्या पद्धतीत निवृत्तिवेतनातून ७५,००० वजा होऊन वडिलांचं एकूण उत्पन्न ७,०५,६०० होतं. ते १२ लाखांच्या आत आहे, त्यामुळे ८७अ च्या सवलतीने कर शून्य. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्यामुळे विवरणपत्र भरावं लागतं. कर शून्य म्हणजे विवरणपत्र नको, असा समज निवृत्त मंडळींत फार आहे.

वडिलांनी दर वर्षीच्या सवयीने जुनी पद्धत निवडली तर काय होतं ते बघा. भाडं नव्हतं तोवर त्यांचं उत्पन्न प्रमाणित वजावट आणि व्याजावरची ५०,००० ची वजावट जाऊन बरोबर ५ लाख येत होतं, कर शून्य. आता त्यावर भाड्याचे १,८०,६०० चढले. ५ लाखांची रेषा ओलांडल्याने सवलत गेली आणि कर झाला सेससह ४७,९६५. मुलाने बारा हजार वाचवले आणि वडिलांनी अठ्ठेचाळीस हजार भरले. दोघांच्या पद्धती वेगवेगळ्या असायला हरकत नाही: मुलाची जुनी, वडिलांची नवी. ज्या सल्लागाराकडे फक्त मुलाची फाईल जाते त्याला हे दिसत नाही. ठेवींच्या व्याजावर कर कापू नये म्हणून वडिलांनी बँकेत १५एच फॉर्म भरताना अंदाजित उत्पन्नात हे भाडं धरायचं, तेही राहून जातं.

घर आई आणि वडील दोघांच्या नावावर असेल तर भाड्याचं उत्पन्न दोघांच्या हिश्शाप्रमाणे दोघांच्या विवरणपत्रांत जातं. अशा वेळी पैसेही त्याच प्रमाणात दोघांच्या खात्यांत पाठवले आणि करारात दोघांची नावं घातली की पुढे जुळवाजुळव करावी लागत नाही.

आता कागद. आयकर कायदा नोंदणीकृत करार मागत नाही. भाडं प्रत्यक्ष दिलं पाहिजे आणि त्या घरात प्रत्यक्ष राहिलं पाहिजे, एवढंच मागतो. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची, म्हणजे इथे वडिलांची. 'अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही' हा इतर राज्यांतून आलेला समज इथे चालत नाही. मग अकराच का? एप्रिल ते मार्च असा सरळ बारा महिन्यांचा करावा, आर्थिक वर्षाशी जुळतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, अनामत ठेवली असेल तर तिचाही भाग त्यात धरतात. वडील मुलाकडून अनामत घेत नाहीत असं धरू. २,६४,००० वर शुल्क ६६० निघतं, ते शंभराच्या पटीत धरलं तर सातशे. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० आणि ऑनलाइन नोंदणीचे थोडे जादा. करार घरबसल्या आधार पडताळणीने होतो.

करारात काय लिहायचं याला महत्त्व आहे. एजंटाच्या साच्यात 'फ्लॅट क्रमांक अमुक, संपूर्ण' असं छापलेलं असतं. वडील त्याच फ्लॅटमध्ये राहत असताना हा मजकूर खोटा ठरतो, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायला मतदार ओळखपत्र पुरे. त्याऐवजी 'फ्लॅटमधील दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर आणि प्रसाधनगृहांचा सामाईक वापर' असं स्पष्ट लिहावं. भाडं कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात द्यायचं, वीजबिल कोण भरणार, तेही घालावं. बहीणभावंडं असतील तर त्यांच्या मनातली शंका बोलून टाकलेली बरी: लिव्ह अँड लायसन्सने राहणाऱ्याला भाडेकरूचा हक्क मिळत नाही, फक्त वापराची परवानगी मिळते.

पुण्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, आणि त्यासाठी मालकांकडून पीटी-३ अर्ज भरून घेतलेले आहेत. घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिल्याचा नोंदणीकृत कागद आणि 'मी स्वतः राहतो' हा अर्ज एकमेकांसमोर आले तर ती सवलत अडचणीत येऊ शकते. वाचणारे बारा हजार आणि जाऊ शकणारी सवलत, दोन्ही शेजारी ठेवून बघावं. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी लावते त्या बिनभोगवटा शुल्काची धास्ती मात्र नको. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतं आणि आईवडील-मुलगा अशा जवळच्या नात्यात लावता येत नाही. सेक्रेटरी अडून बसले तर त्यांना हे नम्रपणे दाखवावं. सोसायटीला कराराची प्रत देऊन पोचेचा शिक्का घेतला की तोही एक पुरावा होतो.

पैशाची वाट हा सगळ्यात भक्कम कागद. मुलाच्या पगाराच्या खात्यातून वडिलांच्या एकट्याच्या खात्यात, दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, नेमके २२,००० जायला हवेत. बँकेत कायमची सूचना देऊन ठेवली आणि शेऱ्यात 'घरभाडे एप्रिल २०२५' असं महिन्याचं नाव घातलं की काम झालं. बाप-लेकाचं संयुक्त खातं इथे चालत नाही, कारण मुलगा स्वतःच्याच खात्यात पैसे टाकतोय असं दिसतं. किराणा, औषधं, विजेचं बिल मुलगा भरतो म्हणून 'तेच भाडं समजा' हेही चालत नाही. घरखर्च वेगळा, भाडं वेगळं.

चूक कशी ओळखू येते? खातेउतारा उघडला की तीन खुणा लगेच दिसतात. एक, वर्षभर काही नाही आणि मार्चमध्ये एकरकमी २,६४,०००. दोन, ५ तारखेला २२,००० गेले आणि ९ तारखेला वडिलांकडून २०,००० परत आले. वडिलांनी मिळालेल्या भाड्यातून घरात खर्च करावा, नातवाची फी भरावी, काहीही करावं. पण रक्कम फिरून मुलाच्या खात्यात आली की भाडं दिलंच नाही असा अर्थ निघतो. तीन, भाड्याची रक्कम महिन्यागणिक वेगळी, कधी १८, कधी २५. करारात एक आकडा आणि उताऱ्यात दुसरा असेल तर पावतीला किंमत राहत नाही.

रोखीने भाडं देऊ नये. २०१७ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठासमोर आईला रोख भाडं दिल्याचं एक प्रकरण होतं. पावत्या होत्या. बँकेतून तेवढी रोकड काढल्याचा माग नव्हता, लिव्ह अँड लायसन्सचा करार नव्हता, सोसायटीला कळवलेलं नव्हतं. दावा फेटाळला गेला. आईला भाडं देणं चूक आहे असं त्यात कुठे ठरलं नाही; भाडं दिलं गेलं आणि तिथे राहणं झालं हे दाखवता आलं नाही, म्हणून सूट गेली.

मग पावत्या हव्यात का? हव्यात, कंपनी मागते म्हणून. महिना किंवा तिमाहीगणिक एक. तारीख, महिना, रक्कम, घराचा पत्ता, 'बँकेद्वारे मिळाले' असा उल्लेख आणि वडिलांची सही. ५,००० च्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही तिकिटावरून जाऊ द्यावी. पैसे बँकेतून गेले तर तिकीट लागतं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा रुपया खर्च करणं सोपं. पावती ज्या महिन्याची त्याच महिन्यात लिहावी. मार्चचं भाडं द्यायच्या आधी जानेवारीतच मार्चची सही झालेली पावती जोडणारे बरेच आहेत. पेरोलवाले काणाडोळा करतात, पण कागद तर बोलतो.

कंपनीला हे सगळं फॉर्म १२बीबीमध्ये द्यायचं असतं: वर्षाचं भाडं, घरमालकाचं नाव, पत्ता, पॅन आणि सोबत पुरावे. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर पॅन द्यावाच लागतो. वडिलांचा पॅन जुना, मोठ्या कागदी कार्डाचा असेल आणि आधारशी जोडलेला नसेल तर तो आधी सुरू करून घ्यावा. भाडं महिना ५०,००० च्या वर गेलं तर मुलाला २ टक्के कर कापून भरावा लागतो. आपल्या २२,००० ला तो प्रश्न नाही.

हा पॅन पुढे कुठे जातो हे कळलं की वडिलांच्या विवरणपत्राचं महत्त्व पटतं. कंपनी वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचं २४क्यू विवरण भरते, त्याच्या पगाराच्या परिशिष्टात घरमालकाचा पॅन असतो. तिथून ती माहिती वडिलांच्या वार्षिक माहिती विवरणात, एआयएसमध्ये, 'भाडे मिळाले' म्हणून उमटू शकते. वडिलांच्या विवरणपत्रात घरापासूनचं उत्पन्न शून्य असेल तर दोन पॅनमधली ही तफावत शोधायला माणूस लागत नाही. २०२०-२१ च्या अशा काही तफावती विभागाने करदात्यांना कळवल्या होत्या. जुनी प्रकरणं सरसकट उघडण्याची खास मोहीम नाही, असा खुलासा प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये केला. तफावत दिसते, एवढं मात्र त्यातून कळतं. खोटा दावा ठरला तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. म्हणून वडिलांचं विवरणपत्र भरण्याआधी त्यांचं एआयएस उघडून भाड्याचा आकडा आपल्याशी जुळतो का ते बघावं.

काही कंपन्या आईवडिलांना दिलेलं भाडं पाहिलं की दावा नाकारतात. त्यांना तो हक्क नाही असं भांडत बसण्यात अर्थ नाही. कर कापला गेला तरी मुलाला विवरणपत्रात सूट मागता येते आणि परतावा मिळतो. तिथे राहण्याचं शहर, मिळालेला भत्ता, दिलेलं भाडं, बेसिक असे आकडे वेगळे भरावे लागतात. फॉर्म १६ मधली सूट शून्य आणि विवरणपत्रात १,९२,००० असा फरक दिसल्यावर विचारणा होऊ शकते. तेव्हा करार, बारा महिन्यांचा खातेउतारा, पावत्या, इंडेक्स टू, मिळकतकराची पावती आणि वडिलांच्या विवरणपत्राची पोच एकाच पीडीएफमध्ये तयार असावी. सून नोकरी करत असेल आणि तिनेही त्याच २२,००० वर सूट मागितली असेल तर ते याच टप्प्यावर उघडं पडतं. दोघांना मागायची असेल तर दोघांनी आपापल्या खात्यातून आपापला वाटा द्यावा, करारात दोघांची नावं असावीत, आणि भाड्यातून प्रत्येकाच्या पगाराचे १० टक्के वेगळे वजा होतात हे लक्षात ठेवावं. वाटा लहान असेल तर दुसऱ्याची सूट शून्यावरही येते.

राहता राहिले जानेवारीचा मेल आल्यावर जागे झालेले. मागच्या तारखा घालायच्या नाहीत असं ठरवून जानेवारीपासून खरोखर भाडं सुरू केलं, तर हिशेब तीन महिन्यांचाच होतो. भाडं ६६,०००, तीन महिन्यांच्या बेसिकचे १० टक्के १८,०००, सूट ४८,०००. एप्रिल ते डिसेंबरचा भत्ता पूर्ण करपात्र. याच मुलाच्या जुन्या पद्धतीतल्या वजावटी मग ४,८५,५०० भरतात आणि कर येतो ९९,२१६. नव्या पद्धतीत तो ८१,९०० च आहे. त्या वर्षी पावत्यांचं पुस्तक आणूच नये.